सीडी४चा आकडा यंत्रातून येतो तो कसा?

एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रातल्या रिपोर्टवर एक ओळ असते: सीडी४, ३१२ पेशी प्रति मायक्रोलिटर. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, टाचणीच्या माथ्यावर मावेल एवढं रक्त. एवढ्याशा रक्तात पन्नासेक लाख तांबड्या पेशी असतात आणि पाच-सात हजार पांढऱ्या. त्या गर्दीतून नेमक्या ३१२ पेशी वेगळ्या ओळखून मोजायच्या, आणि तेही दीड-दोन मिनिटांत. हे काम करणाऱ्या यंत्राचं नाव फ्लो सायटोमीटर.

सीडी४ पेशी म्हणजे लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींमधला एक गट, मदतनीस टी-पेशी. एचआयव्ही विषाणू मुख्यतः यांच्यातच शिरतो, म्हणून त्यांची संख्या घसरत जाते. निरोगी प्रौढ माणसात ती साधारण ५०० ते १५००च्या दरम्यान असते. २००च्या खाली गेली की एरवी शरीर सहज परतवून लावतं असे संसर्ग अंगावर येऊ लागतात. भारतात १ एप्रिल २००४ रोजी सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा औषध कुणाला सुरू करायचं हे ठरवण्यात या आकड्याचा मोठा वाटा होता. २०१७पासून संसर्ग आढळला की आकडा काहीही असो, उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. तरीही रुग्ण आला तेव्हा आजार किती पुढे गेलेला आहे आणि सोबत कोणत्या संसर्गांची काळजी घ्यायची, हे डॉक्टर आजही सीडी४ बघूनच ठरवतात.

अडचण अशी की सीडी४ पेशी दिसायला वेगळी नसते. स्लाइडवर रक्त पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर लिम्फोसाइट ओळखता येते: छोटी, गोल, जवळजवळ सगळी जागा केंद्रकाने व्यापलेली. पण ती मदतनीस टी-पेशी आहे, मारक टी-पेशी आहे की बी-पेशी, हे सांगता येत नाही. फरक असतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांमध्ये. मदतनीस टी-पेशीवर सीडी३ नावाचं प्रथिन असतं आणि सीडी४ही. मारक टी-पेशीवर सीडी३ असतं, पण सीडी४ऐवजी सीडी८. बी-पेशीवर यांतलं काहीच नसतं. आणि सीडी४५ हे प्रथिन सगळ्याच पांढऱ्या पेशींवर असतं, तांबड्यांवर नसतं. ही प्रथिनं दिसतील अशी काहीतरी सोय करायची, एवढाच प्रश्न उरतो.

ती सोय प्रतिपिंडांनी होते. एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी, अगदी एकसारखी प्रतिपिंडं हवी तितकी तयार करण्याची रीत १९७५ साली कोलर आणि मिलस्टीन यांनी शोधली आणि १९८४मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. अशा प्रतिपिंडाला फ्लोरोसंट रंगाचा रेणू जोडून ठेवता येतो. फ्लोरोसंट म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून घेऊन दुसऱ्या, जास्त तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणारा. सीडी४ मोजायच्या एका नेहमीच्या तिरंगी मिश्रणात सीडी३च्या प्रतिपिंडावर एफआयटीसी हा रंग असतो, सीडी४वर पीई आणि सीडी४५वर परसीपी. तिन्ही रंग एकाच निळ्या लेझरने उजळतात, पण एफआयटीसी हिरवा प्रकाश देतो, पीई पिवळसर नारिंगी आणि परसीपी गडद लाल. यातला पीई लाल शेवाळातून काढतात. समुद्रातलं शेवाळ सूर्यप्रकाश गोळा करण्यासाठी जे प्रथिन वापरतं तेच इथे कामी येतं, आणि त्याची चकाकी फारच जोरदार असते.

आता टेबलावरचं काम. रक्त गोठू नये म्हणून ते ईडीटीएच्या, जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं असतं. ते खोलीच्या तापमानालाच ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही. चाचणीच्या नळीच्या तळाशी बारीक जाळीखाली फ्लोरोसंट मण्यांची एक कोरडी गोळी असते. हे मणी कशाला ते पुढे येईलच. नळीत २० मायक्रोलिटर प्रतिपिंडांचं मिश्रण घालायचं. मग रक्ताची नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करून त्यातलं बरोबर ५० मायक्रोलिटर रक्त घालायचं. नीट ढवळून पंधरा मिनिटं अंधारात ठेवायचं, कारण उजेडात रंग फिके पडतात. एवढ्या वेळात प्रतिपिंडं आपापल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. मग ४५० मायक्रोलिटर लायसिंग द्रावण. त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि लाल गढूळ द्रव पारदर्शक होतो. आणखी पंधरा मिनिटांनी नळी यंत्राला लावायची. मधे कुठेही धुवायचं नाही, ओतून टाकायचं नाही. धुतलं तर पेशी आणि मणी दोन्ही वाया जातात, आणि किती गेले ते कुणालाच सांगता येत नाही.

यंत्र नळीतला द्रव वर खेचतं आणि लेझरच्या समोर नेतं. पेशी एका वेळी एक अशीच समोर आली पाहिजे. त्यासाठी केसासारखी बारीक नळी वापरावी असं कुणालाही वाटेल, पण पेशीएवढ्या रुंदीची नळी पहिल्याच गुठळीने तुंबेल. म्हणून नळी रुंद ठेवतात आणि तिच्यात खारट पाण्याचा जोरदार प्रवाह सोडतात. त्याला शीथ म्हणतात. या प्रवाहाच्या मधोमध रक्ताचा नमुना हळूच सोडला जातो. पुढे नळी निमुळती होत जाते, तसा शीथचा वेग वाढतो आणि मधला नमुना ताणला जाऊन दहा-वीस मायक्रोमीटर जाडीचा धागा होतो. दोन्ही द्रव शेजारी शेजारी वाहतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत, कारण एवढ्या बारीक जागेत प्रवाहात खळबळ होत नाही. लिम्फोसाइटचा व्यास सात ते दहा मायक्रोमीटर. धागा एवढा बारीक झाला की पेशींना एकामागे एक जाण्यावाचून वाव राहत नाही.

यामुळेच नमुना किती वेगाने ढकलायचा याला मर्यादा आहे. घाई असली की दाब वाढवून नमुना जास्त सोडावा असा मोह होतो. पण मग मधला धागा जाड होतो, पेशी लेझरच्या मध्यातून न जाता कडेने जायला लागतात आणि प्रत्येकीवर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो. दोन पेशी जोडीनेही समोर येतात. पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके पसरट दिसायला लागले की अनुभवी तंत्रज्ञ आधी वेग बघतो.

लेझर निळा असतो, ४८८ नॅनोमीटरचा. पेशी त्याच्यासमोरून जायला काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात घडतं ते असं: थोडा प्रकाश पेशीच्या कडेने वळून पुढच्या दिशेला जातो, थोडा पेशीच्या आतल्या कणांवर आपटून बाजूला उडतो, आणि पेशीवर रंग चिकटलेले असतील तर ते आपापल्या रंगाने चमकतात. पुढच्या दिशेच्या प्रकाशासाठी समोर एक संवेदक असतो, बाजूच्या प्रकाशासाठी काटकोनात दुसरा. पहिल्याला फॉरवर्ड स्कॅटर म्हणतात, दुसऱ्याला साइड स्कॅटर. पेशी मोठी, तर फॉरवर्ड जास्त. पेशीच्या आत दाणे जास्त, तर साइड जास्त. लिम्फोसाइट लहान आणि आतून साधी असते, म्हणून तिचे दोन्ही आकडे कमी. मोनोसाइट आकाराने मोठी. ग्रॅन्युलोसाइट पेशींच्या आत दाणेच दाणे, म्हणून त्या साइड स्कॅटरमध्ये सगळ्यांच्या वर. एकही रंग न वापरता रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे हे तीन पुंजके पडद्यावर वेगळे दिसतात.

पुस्तकांत फॉरवर्ड स्कॅटर म्हणजे पेशीचा आकार असं सरळ लिहून टाकतात. ते अर्धंच खरं आहे. हा प्रकाश पेशीच्या आतला द्रव बाहेरच्या द्रवापेक्षा प्रकाशाला किती वळवतो यावरही अवलंबून असतो. पेशी मेली की तिच्या पडद्याला भोकं पडतात, आतलं-बाहेरचं सारखं होऊ लागतं आणि तिचा फॉरवर्ड स्कॅटर पडतो. लिम्फोसाइटएवढाच प्लास्टिकचा मणी सोडला तर तो वेगळ्याच जागी दिसतो. तेव्हा या यंत्रावरून ‘ही पेशी नऊ मायक्रोमीटरची आहे’ असं म्हणू नये. ‘ही त्या पेशीपेक्षा मोठी दिसते’ एवढंच म्हणावं.

बाजूला उडालेल्या प्रकाशातच तिन्ही रंगांची चमकही मिसळलेली असते. ती वेगळी करायला वाटेत तिरपे आरसे बसवलेले असतात. हे आरसे ठरावीक तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश वळवतात आणि पुढचा आरपार जाऊ देतात. प्रत्येक फाट्यावर गाळणी आणि तिच्यामागे फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी क्षीण प्रकाशाचंही विजेच्या ठोक्यात रूपांतर करणारी नळी. एफआयटीसीच्या गाळणीतून ५३० नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश जातो, पीईच्या गाळणीतून ५८५च्या आसपासचा. शेवटी संगणकापर्यंत पेशी पोचत नाही, चित्रही पोचत नाही. एका पेशीमागे पाच आकडे पोचतात: फॉरवर्ड, साइड, हिरवा, नारिंगी, लाल. अशा पाच-पाच आकड्यांची हजारो ओळींची यादी, एवढंच या यंत्राचं उत्पादन. पुढचं सगळं यादीतून काय उचलायचं याचं काम आहे.

आणि इथेच पहिली गफलत होऊ शकते. एफआयटीसीचा प्रकाश हिरवा असला तरी तो नेमक्या एका तरंगलांबीचा नसतो. त्याची शेपटी नारिंगीपर्यंत जाते आणि पीईच्या गाळणीतून थोडी आत शिरते. समजा, फक्त एफआयटीसी लावलेल्या पेशी यंत्रावर चालवल्या आणि हिरव्या संवेदकावर १०,००० तर नारिंगीवर १,५०० आकडा आला. नारिंगी रंग घातलेलाच नाही, म्हणजे हे १,५०० पूर्णपणे उधारीचे, हिरव्याच्या १५ टक्के. आता खऱ्या नमुन्यातली एक मारक टी-पेशी घ्या. तिच्यावर सीडी३ आहे, म्हणून हिरवा ८,०००. सीडी४ नाही, तरीही नारिंगी १,२०० दिसणार. जणू तिच्यावर थोडं सीडी४ आहे! म्हणून प्रत्येक पेशीच्या नारिंगी आकड्यातून तिच्या हिरव्याचे १५ टक्के वजा करतात. १,२०० वजा १,२००, उरलं शून्य. याला कॉम्पेन्सेशन म्हणतात. हे प्रमाण दर वेळी एकेकच रंग लावलेल्या नमुन्यांवरून काढायचं असतं, कारण फोटोमल्टिप्लायरचा व्होल्टेज बदलला की प्रमाणही बदलतं. जुनं प्रमाण नव्या व्होल्टेजवर तसंच वापरलं की पुंजके तिरपे, ओढल्यासारखे दिसतात. ती या चुकीची खूण.

आकड्यांची यादी आलेखावर मांडतात. एका पेशीला एक ठिपका. पहिल्या आलेखावर आडव्या अक्षावर सीडी४५चा लाल आकडा, उभ्यावर साइड स्कॅटर. फुटलेल्या तांबड्या पेशींचे तुकडे आणि कचरा यांच्यावर सीडी४५ नसतं, ते डावीकडे पडून राहतात. लाल आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलेली घटना नोंदवूच नको असं यंत्राला आधीच सांगून ठेवता येतं. तो उंबरठा नसेल तर कचऱ्यानेच यादी भरून जाईल. मात्र मणी त्या उंबरठ्याच्या वर राहतील अशा बेताने तो ठेवायचा. उजवीकडे, सीडी४५ भरपूर आणि साइड स्कॅटर कमी अशा जागी लिम्फोसाइटचा घट्ट पुंजका असतो. त्याभोवती माउसने रेघ ओढतात, हे गेट. गेटच्या आतल्याच पेशी दुसऱ्या आलेखावर घेतात: आडवा सीडी३, उभा सीडी४. वर उजवीकडे दोन्ही प्रथिनं असलेल्या पेशी. याच आपल्या मदतनीस टी-पेशी.

सीडी४ मोजायचं तर सीडी३ कशाला, असा प्रश्न पडतो. कारण मोनोसाइटवरही थोडं सीडी४ असतं. लिम्फोसाइटच्या गेटमध्ये चार-दोन मोनोसाइट घुसल्याच, तर केवळ नारिंगी आकड्यावर त्या सीडी४ म्हणून मोजल्या जातील. त्यांच्यावर सीडी३ नसतं, म्हणून त्या दुसऱ्या आलेखावर डावीकडे, मधल्या उंचीवर वेगळ्या पडतात. ज्याच्या रक्तात मदतनीस पेशी उरल्याच कमी आहेत, त्याच्या बाबतीत ही घुसखोरी आकडा चांगलाच फुगवू शकते. म्हणजे जिथे अचूकपणा सर्वांत जास्त हवा, तिथेच.

इथवर आपल्याला किती टक्के लिम्फोसाइट सीडी४ आहेत ते कळलं. रिपोर्टवर मात्र ‘प्रति मायक्रोलिटर’ हवं, आणि यंत्राने नळीतलं नेमकं किती रक्त ओढलं हे बहुतेक यंत्रांना ठाऊक नसतं. इथे मणी कामाला येतात. डब्यात तांदळाचे दाणे किती ते काढायचं असेल तर त्यात मोजून हजार राजमे टाकावेत, नीट हलवावं आणि एक मूठ काढावी. मुठीत दहा राजमे आले तर मूठ डब्याच्या शंभराव्या भागाएवढी. मुठीतले तांदूळ मोजून शंभराने गुणले की झालं. नळीतल्या गोळीत मणी किती, हे त्या लॉटच्या पाकिटावर छापलेलं असतं. मणी सगळ्या रंगांत झगझगीत चमकतात, म्हणून आलेखावर त्यांचा पुंजका एका कोपऱ्यात वेगळाच असतो आणि पेशींशी गल्लत होत नाही.

एक नमुना प्रत्यक्ष करून पाहू. पाकिटावर लिहिलंय ४८,९०० मणी. रक्त घातलं ५० मायक्रोलिटर. यंत्र थांबवलं तेव्हा ८,१५० मणी मोजून झाले होते आणि सीडी३-सीडी४ दोन्ही असलेल्या पेशी २,६००. ४८,९०० भागिले ८,१५० म्हणजे ६. यंत्राने नळीतला सहावा भाग ओढला. म्हणून पूर्ण नळीत सीडी४ पेशी २,६०० गुणिले ६, म्हणजे १५,६००. त्या आल्या ५० मायक्रोलिटर रक्तातून. १५,६०० भागिले ५०, उत्तर ३१२. हाच रिपोर्टवरचा आकडा.

या उत्तरावर भरवसा किती? मोजणीतली नुसत्या योगायोगाची चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. २,६००चं वर्गमूळ ५१, म्हणजे दोन टक्के. वाईट नाही. पण सूत्रात ५० हा आकडा आहे, आणि तो यंत्राने मोजलेला नाही, तो माणसाच्या हातातल्या पिपेटवर आहे. पिपेटने ५०ऐवजी ४५ मायक्रोलिटर रक्त सोडलं तर सूत्राला ते कळत नाही. रुग्णाचा खरा आकडा ३४७ असला तरी कागदावर ३१२च उमटणार. लाखो रुपयांचं यंत्र दोन टक्क्यांची चूक करतं आणि पिपेट दहा टक्क्यांची. मला विचाराल तर सीडी४च्या प्रयोगशाळेत नवीन माणसाला आधी महिनाभर पिपेटच शिकवावं. रक्त घट्ट असतं, टिपला चिकटतं, म्हणून इथे उलट पिपेटिंग करतात: दट्ट्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून जास्त रक्त ओढायचं, पहिल्या टप्प्यापर्यंतच सोडायचं आणि टिपमध्ये उरलेलं टाकून द्यायचं. टिपच्या बाहेर लागलेलं रक्त पुसायचं. नळीच्या भिंतीला रक्ताचा ओघळ लागू द्यायचा नाही, कारण तिथल्या पेशींपर्यंत प्रतिपिंडं पोचत नाहीत आणि आकडा खाली येतो.

बाकीच्या चुका नमुना आणतानाच झालेल्या असतात. नळीत गुठळी दिसली तर नमुना नाकारायचा, कारण पांढऱ्या पेशी गुठळीत अडकून बसतात. रक्त शिळं झालं की लिम्फोसाइटचा घट्ट पुंजका फिसकटतो, साइड स्कॅटर वाढतो आणि गेट नेमकं कुठे ओढावं हे दोन तंत्रज्ञ दोन प्रकारे ठरवू लागतात. मण्यांची मोजणी नेहमीपेक्षा फारच कमी आली तर नळी नीट ढवळली गेली नाही किंवा सगळी गोळी विरघळली नाही अशी शंका घ्यावी. आणि काही वेळा चूक कुणाचीच नसते. माणसाच्या रक्तातला सीडी४ दिवसभरात वरखाली होत असतो, सकाळी कमी आणि रात्रीकडे जास्त. आधीचा नमुना सकाळी आणि नंतरचा संध्याकाळी दिला, तर प्रकृतीत काहीही बदल नसताना आकडा हलतो. लहान मुलांत तर लिम्फोसाइटची एकूण संख्याच वयानुसार खूप बदलते, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सीडी४ची संख्या न बघता टक्केवारी बघतात.

प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासायला बाहेरून नमुने पाठवले जातात: तेच रक्त अनेक केंद्रांना, आणि प्रत्येकाने आपलं उत्तर कळवायचं. भारतात या कामात पुण्याजवळ भोसरीला असलेल्या, पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणजे नारी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा मोठा वाटा राहिला आहे.

या मोजणीत पेशींचं शेवटी काय होतं? त्या वाहत जाऊन कचऱ्याच्या बाटलीत पडतात, तिथे ब्लीच असतं. रिपोर्टसाठी पेशी परत नको असते. संशोधकाला मात्र कधी कधी तीच पेशी जिवंत हवी असते: वाढवून बघायला, तिचे जनुक वाचायला. त्यासाठी सॉर्टर लागतो, म्हणजे निवडून वेगळं काढणारं यंत्र.

गंमत अशी की सॉर्टर पहिल्यांदा बनला तो एक वाद मिटवण्यासाठी. वॉलेस कूल्टरने पेशी मोजायचं यंत्र बनवलं होतं, त्याचं पेटंट १९५३चं. पेशी बारीक छिद्रातून जाताना विजेचा अडथळा किती वाढतो यावरून ते पेशीचं आकारमान सांगे. तांबड्या पेशी त्यावर चालवल्या की आलेखाला दोन शिखरं यायची. म्हणजे तांबड्या पेशी दोन आकारांच्या असतात का? अमेरिकेत लॉस अलामॉसला मॅक फुलवायलरने ठरवलं की एका शिखरातल्या पेशी वेगळ्या काढून पुन्हा चालवून बघू. त्याने स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीटचं शाईचे थेंब फवारून लिहिण्याचं तंत्र घेतलं आणि शाईच्या जागी पेशी घातल्या. १९६५मध्ये त्याचा निबंध आला. वेगळ्या काढलेल्या पेशी पुन्हा चालवल्या तर परत दोन्ही शिखरं हजर! पेशी एकाच प्रकारच्या होत्या. चपट्या असल्यामुळे छिद्रातून आडव्या जातात की उभ्या, यावर आकडा बदलत होता. पुढे स्टॅनफर्डमध्येच लेनर्ड हर्झनबर्ग आणि सहकाऱ्यांनी या तंत्राला फ्लोरोसंट रंगांची जोड दिली. १९६९मध्ये दिव्याच्या प्रकाशावर, १९७२मध्ये लेझरवर.

आजचे बहुतेक सॉर्टरही त्याच तत्त्वावर चालतात. लेझरनंतर द्रव ७० मायक्रोमीटरच्या छिद्रातून हवेत सुटतो. छिद्राला सेकंदाला सुमारे ९०,००० वेळा थरथर दिली की धार ठरावीक अंतरावर तुटून एकसारखे थेंब पडतात, सेकंदाला ९०,०००. हवी ती पेशी लेझरसमोर आली की यंत्र तिथेच काही करत नाही. तिला धार तुटण्याच्या जागेपर्यंत पोचायला किती थेंबांचा वेळ लागतो हे त्याला ठाऊक असतं, तेवढं ते थांबतं. पेशी ज्या थेंबात आहे तो धारेपासून सुटणार त्या क्षणी पूर्ण धारेला विजेचा भार देतं आणि लगेच काढून घेतं. सुटलेल्या थेंबावर भार तसाच राहतो. खाली दोन पट्ट्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक असतो. भारित थेंब एका बाजूला वळून नळीत पडतो, बिनभाराचे थेंब सरळ कचऱ्यात.

या सगळ्याचा जीव त्या थांबण्याच्या वेळेत आहे. एका थेंबाची चूक म्हणजे फक्त अकरा मायक्रोसेकंद. पण तेवढ्यानेही भार शेजारच्या थेंबावर पडतो: कधी तो रिकामा, कधी त्यात भलतीच पेशी. खोलीचं तापमान बदललं, छिद्राशी हवेचा बुडबुडा अडकला किंवा पेशींचा गोळा बसला, तर धार तुटण्याची जागा सरकते. म्हणून त्या जागेवर कॅमेरा रोखलेला असतो आणि काम सुरू करण्याआधी चमकणारे मणी सोडून ते खरंच बाजूच्या धारेत जातात का हे बघतात. नमुना आधी चाळीसेक मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळून घेतात, नाहीतर छिद्र हमखास तुंबतं. आणि तुंबलं की धार वाकडी होऊन तुषार उडतात. एचआयव्हीबाधित रक्ताचा जिवंत नमुना असेल तर हे धोक्याचं, म्हणून असं सॉर्टिंग तुषार ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात करतात.

वेळेचाही हिशोब असतो. समजा, रक्तातून काढलेल्या दोन कोटी पांढऱ्या पेशी आहेत आणि त्यात ४० टक्के सीडी४ टी-पेशी. सेकंदाला १०,००० पेशी सोडल्या तर २,००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं. नऊ थेंबांमागे सरासरी एक पेशी. पण पेशी सारख्या अंतराने येत नाहीत, मनाला येईल तशा येतात. हिशोब केला तर हव्या पेशीच्या थेंबात आणखी एखादी पेशी असण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास निघते. शुद्धता हवी असेल तर नको असलेली सोबतीण ज्यात आहे तो थेंब यंत्र टाकून देतं. उत्पन्न हवं असेल तर ठेवून घेतं. वेग दुप्पट केला की असे जोडथेंबही जवळपास दुप्पट होतात. एकूण ऐंशी लाख हव्या पेशी होत्या, त्यातल्या सत्तर-पंचाहत्तर लाख नळीत याव्यात हे गणित कागदावरचं. प्रत्यक्षात काही नळीच्या भिंतीला चिकटतात, काही मरतात.

सॉर्टिंग संपलं की नळीतल्या थोड्या पेशी परत त्याच यंत्रावर चालवून बघतात, फुलवायलरने चालवल्या होत्या तशा. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव सीडी३-सीडी४ दोन्ही असलेल्या चौकटीत पडल्या तर काम जमलं. ऐंशी-पंच्याऐंशी आल्या तर वेग जास्त होता, गेट सैल होतं किंवा पेशींच्या जोड्या सुटलेल्या नव्हत्या. आणि पडद्यावर सगळे पुंजके जर मूळ नमुन्यात होते त्याच प्रमाणात दिसले, तर थांबण्याची वेळच चुकलेली असते. मग धार पुन्हा लावायची आणि शिल्लक नमुना नव्याने सोडायचा.